नऊ लाखांचे सात लाख कसे होतात: ठेवीवरच्या महागाईचा हिशेब घरच्या वहीत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणारं एक निवृत्त जोडपं डोळ्यांसमोर आणा. १ एप्रिल २०२० ला त्यांनी पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, म्हणजे आपण ज्याला एमआयएस म्हणतो त्यात, संयुक्त खात्यावर ९ लाख रुपये ठेवले. त्या वेळी संयुक्त खात्याची मर्यादाच तेवढी होती आणि व्याजदर होता ६.६ टक्के. दर महिन्याला ४,९५० रुपये खात्यात येत राहिले, पाच वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. एप्रिल २०२५ मध्ये मुदत संपली आणि ९ लाख रुपये जसेच्या तसे हातात आले.

पासबुकात कुठेही तोटा दिसत नाही. तरीही २०२० च्या भावात मोजलं तर हातात आलेली रक्कम ९ लाख नाही, ६ लाख ९६ हजार ५०० च्या आसपास आहे. हा आकडा कसा निघतो, त्यातला किती भाग व्याजातून भरून निघाला असता आणि पुढच्या पाच वर्षांसाठी तोच हिशेब आधीच कसा मांडायचा, हे इथे एकेक पायरीने पाहू. जोडपं काल्पनिक आहे. योजनेचे दर, मर्यादा आणि निर्देशांक मात्र खरे आहेत.

पहिली पायरी: टक्का बाजूला ठेवा, निर्देशांक घ्या

वर्तमानपत्रात दर महिन्याला 'किरकोळ महागाई अमुक टक्के' अशी बातमी येते. तो टक्का ग्राहक किंमत निर्देशांकावरून निघतो. केंद्र सरकारचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास तो जाहीर करतं. ग्रामीण, शहरी आणि एकत्रित असे तीन निर्देशांक असतात, राज्यवार आकडेही मिळतात. घरच्या हिशेबाला देशाचा एकत्रित निर्देशांक पुरतो. घाऊक किमतींचा निर्देशांक वेगळा असतो, तो इथे वापरू नका. त्यात कारखान्याच्या दारातले आणि घाऊक बाजारातले भाव असतात. डॉक्टरांची फी, शाळेची फी किंवा एसटीचं तिकीट त्यात येतच नाही.

२०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत दर मार्चचा एकत्रित निर्देशांक असा होता:

| मार्च | निर्देशांक | वर्षभरातली वाढ |
|---|---|---|
| २०२० | १४८.६ | |
| २०२१ | १५६.८ | ५.५ टक्के |
| २०२२ | १६७.७ | ७.० टक्के |
| २०२३ | १७७.२ | ५.७ टक्के |
| २०२४ | १८५.८ | ४.९ टक्के |
| २०२५ | १९२.० | ३.३ टक्के |

१४८.६ याचा अर्थ इतकाच की, ज्या वस्तू आणि सेवांच्या यादीला २०१२ मध्ये सरासरी १०० रुपये लागत होते, त्याच यादीला मार्च २०२० मध्ये १४८ रुपये ६० पैसे लागले. मार्च २०२५ ला तीच यादी १९२ रुपयांना पडली.

आपली ठेव १ एप्रिलची, म्हणून मार्चचे आकडे घेतले. तुमची ठेव ऑक्टोबरातली असेल तर दोन्ही टोकांना सप्टेंबर किंवा ऑक्टोबर घ्या, पण महिना दोन्हीकडे एकच हवा. भाजीपाल्याचे भाव पावसाळ्यात चढतात आणि थंडीत उतरतात. एका टोकाला जुलै आणि दुसऱ्या टोकाला जानेवारी घेतला, तर तुम्ही महागाईऐवजी टोमॅटोचा हंगाम मोजत बसाल.

दुसरी पायरी: एक भागाकार

जुना निर्देशांक भागिले नवा निर्देशांक, गुणिले रक्कम. संगणकावर किंवा मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये हे असं लिहायचं:

```
=900000*148.6/192.0
```

उत्तर ६,९६,५६२ येतं. एप्रिल २०२५ मध्ये हातात आलेले ९ लाख रुपये, २०२० मध्ये ६ लाख ९६ हजार जे विकत घेऊ शकत होते, तेवढंच विकत घेतात. खरेदीशक्ती २२.६ टक्क्यांनी घटली.

हाच भागाकार उलटा केला तर दुसरा उपयोगी आकडा मिळतो. १९२.० भागिले १४८.६ म्हणजे १.२९२. ९ लाखांची मूळ ताकद टिकवायला एप्रिल २०२५ मध्ये ११ लाख ६२ हजार ८५० रुपये हातात असायला हवे होते. फरक २ लाख ६२ हजार ८५० रुपयांचा. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक बेरजेची. पाच वर्षांचे टक्के एकाखाली एक मांडून बेरीज केली की २६.४ येते, पण भाव मात्र २९.२ टक्क्यांनी वाढलेत. कारण २०२१-२२ चे सात टक्के आधीच्या वर्षी वाढून बसलेल्या भावावर चढले. महागाईलाही चक्रवाढ लागते. दुसरी चूक अशी की, भाव २९ टक्क्यांनी वाढले म्हणजे पैशाची किंमत २९ टक्क्यांनी घटली असं धरलं जातं. ती घटते २२.६ टक्क्यांनी. भाव दुप्पट झाले, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढले, तरी रुपया शून्यावर जात नाही, अर्ध्यावर येतो, हे आठवलं की गोंधळ मिटतो.

या पाच वर्षांतली सरासरी वार्षिक महागाई चक्रवाढीने काढली तर ५.२६ टक्के भरते.

महागाई उतरली म्हणजे भाव उतरले नाहीत

ऑक्टोबर २०२५ ला किरकोळ महागाई ०.२५ टक्के अशी बातमी आली. लक्ष्मीपुरीच्या बाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ती खोटी वाटली असणार. ती खोटी नव्हती. त्या बातमीचा अर्थ असा की, ऑक्टोबर २०२४ च्या तुलनेत भाव फक्त पाव टक्क्याने वर होते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती, म्हणजे ज्या पायरीशी तुलना झाली तीच मुळात उंच होती. मधल्या वर्षांत चढलेल्या २९ टक्क्यांतले कुणी काही परत केलेले नाहीत.

ठेवीदारासाठी हे महत्त्वाचं आहे. एखाद्या वर्षी दर कमी दिसला की ठेवीची झीज त्या वर्षापुरती मंदावते, आधीची झीज भरून निघत नाही. म्हणून पाच वर्षांचा हिशेब करताना शेवटच्या वर्षाचा दर पाचाने गुणायचा नाही. दोन टोकांचे निर्देशांक घ्यायचे.

तिसरी पायरी: व्याजातलं किती खरंच आपलं होतं

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. व्याज मिळत होतंच ना? मग तोटा कसला?

एमआयएसचं व्याज दर महिन्याला बाहेर येतं, मुद्दल जिथल्या तिथे राहतं. जोडप्याने ते व्याज दर महिन्याला खर्च केलं असेल, तर महागाईने मुद्दलाला पाडलेलं भगदाड बुजवायला काहीच उरत नाही. म्हणून व्याजाचे दोन भाग पाडून बघायला हवेत. एक भाग मुद्दलाची झीज भरून काढणारा, तो खरं तर आपलं उत्पन्न नव्हेच. उरलेला दुसरा भाग खर्चायला मोकळा.

दरवर्षी किती झीज भरायला हवी होती ते वरच्या तक्त्यावरून काढता येतं. पहिल्या वर्षी ९ लाखांची ताकद टिकवायला ९ लाख ४९ हजार ६६० हवे होते, म्हणजे जवळजवळ ५० हजार बाजूला पडायला हवे होते. वर्षाचं व्याज ५९,४००. खर्चायला उरले साडेनऊ हजार, महिन्याला आठशेच्या आसपास. दुसऱ्या वर्षी तर भाव सात टक्क्यांनी चढले आणि झीज भरायला ६६ हजार लागले असते. व्याज मात्र तेच ५९,४००. म्हणजे त्या वर्षी एक रुपयाही खर्च केला नसता तरी मुद्दल थोडं खचलंच असतं. पुढे परिस्थिती हळूहळू सुधारली: तिसऱ्या वर्षी साडेसत्तावन्न हजार, चौथ्या वर्षी ५२ हजार आणि पाचव्या वर्षी साडेसदतीस हजार पुरले असते.

हाच हिशेब पोस्टाच्या आरडीत मांडू, म्हणजे झीज भरायचा भाग दर महिन्याला आरडीत टाकला असता असं धरू. एप्रिल २०२० ला उघडलेल्या पाच वर्षांच्या आरडीला ५.८ टक्के व्याज होतं. त्या दराने महिना १,००० रुपये भरले की पाच वर्षांनी सुमारे ६९,७०० मिळतात. २ लाख ६२ हजार ८५० रुपये उभे करायला महिन्याला सुमारे ३,७७० रुपये भरावे लागले असते. ४,९५० मधून ३,७७० गेले की उरतात १,१८०.

इतकाच त्या ठेवीचा खरा पगार होता: महिन्याला अकराशे-बाराशे रुपये. बाकीचे ३,७७० दर महिन्याला मुद्दलातूनच काढून हातावर ठेवले जात होते, पासबुक त्याला व्याज म्हणत होतं एवढंच.

हे वाचून कुणी म्हणेल की म्हाताऱ्या माणसांनी व्याज खायचं नाही तर काय करायचं. खायचंच, आयुष्यभर कष्ट करून ते जमवलेलं असतं. पण सत्तरीतल्या माणसाने आपण मुद्दल किती वेगाने खातोय हे जाणून खाणं वेगळं आणि मुद्दल शाबूत आहे असं समजून खाणं वेगळं. पहिल्याला पुढची पंधरा वर्षं आखता येतात.

आणखी एक व्यवहारी गोष्ट. एमआयएसचं न उचललेलं मासिक व्याज तिथेच पडून राहिलं तर त्यावर पुढे व्याज मिळत नाही. ते बचत खात्यात वळवून घ्या आणि तिथून आरडीचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी सोय पोस्टात फॉर्म भरून करून घ्या. हप्ता माणसाच्या आठवणीवर सोडला की तो सणावाराला चुकतोच.

मुदत संपल्यावर तेच ९ लाख पुन्हा ठेवले तर

एप्रिल २०२३ पासून एमआयएसचा दर ७.४ टक्के झाला आणि मर्यादा एकट्याला ९ लाख, संयुक्त खात्याला १५ लाख झाली. एप्रिल २०२५ मध्ये ९ लाख पुन्हा ठेवले तर महिन्याला ५,५५० रुपये येतात. सहाशे रुपये वाढले म्हणून बरं वाटतं. पण २०२० मध्ये ४,९५० रुपयांत जे घरात येत होतं, ते आणायला २०२५ मध्ये ६,३९५ रुपये लागतात. दर वाढूनही पहिल्या महिन्याच्या तुलनेत साडेआठशे रुपयांची खोट राहतेच, कारण वाढलेला दर खचलेल्या मुद्दलावर मिळतोय.

मुदतीच्या आधी खातं मोडावं का, हाही प्रश्न २०२३ मध्ये अनेकांना पडला होता. नियम असा आहे: एक वर्षाच्या आत मोडता येत नाही, एक ते तीन वर्षांत मोडलं तर मुद्दलाच्या २ टक्के कपात, तीन वर्षांनंतर १ टक्का. आपल्या जोडप्याने तीन वर्षं पूर्ण होताच मोडलं असतं तर ९,००० कापले जाऊन ८ लाख ९१ हजार मिळाले असते. ते ७.४ टक्क्यांनी ठेवले की महिन्याला ५,४९४ रुपये, म्हणजे आधीपेक्षा ५४४ जास्त. उरलेल्या २४ महिन्यांत जास्तीचे सुमारे १३ हजार आले असते. ९,००० ची कपात वजा जाता चार हजार फायदा. फार मोठी रक्कम नाही, पण दोन ओळींच्या हिशेबात कळते. तीन वर्षं व्हायच्या आत मोडलं असतं तर १८ हजार कापले गेले असते आणि व्यवहार तोट्यात गेला असता. दर वाढल्याची बातमी आली की आधी खातं उघडल्याची तारीख बघायची, ती याचसाठी.

व्याज साठत राहिलं तरी कर मधे येतो

मुदत ठेवीत व्याज आतच साठत गेलं तर चित्र बरं दिसतं. २०२० च्या मध्यात स्टेट बँकेत पाच वर्षांच्या ठेवीला ५.४ टक्के दर होता. तिमाही चक्रवाढीने १ लाखाचे पाच वर्षांत १ लाख ३० हजार ७६० होतात. वरच्या पाच वर्षांच्या महागाईवर टिकायला १ लाख २९ हजार २०० हवे होते. म्हणजे जेमतेम दीड हजार पुढे.

आता हाच ठेवीदार २० टक्क्यांच्या कर टप्प्यात असेल तर उपकर धरून व्याजातले २०.८ टक्के जातात. कर दरवर्षीच्या व्याजावर लागतो, ठेव मोडली नाही तरी. उरलेल्या दराने १ लाखाचे १ लाख २३ हजार ७०० होतात आणि २०२० च्या भावात ते ९५,७०० भरतात. दीड हजारांचा फायदा कराने चार हजारांच्या तोट्यात नेला. ज्यांचं उत्पन्न करपात्र नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा, पण बँकेत दरवर्षी योग्य तो अर्ज देऊन टीडीएस थांबवायला विसरू नये.

तुलनेसाठी: तेच १ लाख २.७ टक्क्यांच्या बचत खात्यात राहिले असते तर २०२० च्या भावात साधारण ८८,५०० उरले असते, आणि कपाटात नोटा ठेवल्या असत्या तर ७७,४००.

चौथी पायरी: आपल्या घराची महागाई

सरकारी निर्देशांक देशाच्या सरासरी घराचा आहे. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ आणि पेयांना सुमारे ४६ टक्के वजन होतं, घरभाड्याच्या गटाला १० टक्के आणि आरोग्याला ६ टक्क्यांहूनही थोडं कमी. आपलं जोडपं स्वतःच्या घरात राहतं, म्हणजे भाड्याचा भाग त्यांना लागू नाही. उलट औषधं आणि विमा हा त्यांचा मोठा खर्च. मग त्यांची महागाई देशाइतकीच कशी असेल?

ती मोजायला एक वही आणि दरवर्षी मार्चमधला एक तास पुरतो. महिन्याला लागणाऱ्या सात-आठ ठळक गोष्टी निवडायच्या आणि त्यांचं प्रमाण कायमचं ठरवून टाकायचं: दूध ३० लिटर, तेल ३ लिटर, ज्वारी १० किलो, तांदूळ ८ किलो, तूरडाळ ३ किलो, ठरलेल्या गोळ्या आणि विम्याच्या हप्त्याचा बारावा भाग. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच दुकानातला, त्याच प्रतीचा भाव लिहायचा.

पुढचे भाव फक्त रीत समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या वहीत तुमचे भाव लिहा. समजा मार्च २०२० ला स्वयंपाकघराच्या पाच वस्तूंना मिळून २,६७५ रुपये लागत होते आणि मार्च २०२५ ला त्याच प्रमाणाला ३,४८० लागले. औषधं १,५०० वरून २,१५० वर गेली. विमा महिन्याला २,००० वरून ३,४०० झाला. एकूण ६,१७५ चे ९,०३० झाले. वार्षिक सरासरी दर काढायचं सूत्र असं:

```
=(9030/6175)^(1/5)-1
```

उत्तर ७.९ टक्के. आता फक्त स्वयंपाकघराचे आकडे घालून बघा: ५.४ टक्के, म्हणजे सरकारी ५.२६ च्या अगदी शेजारी. चूल सरकारी आकड्याबरोबर चालली आहे, घराला पुढे ओढतोय तो दवाखाना. हे वेगळं दिसणं हाच या वहीचा खरा उपयोग. विम्याच्या वाढीतही दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: कंपनीने वाढवलेला दर आणि वय वाढल्यामुळे बदललेला गट. दुसरी गोष्ट काटेकोरपणे महागाई नाही, पण पैसे खिशातूनच जाणार, म्हणून वहीत ठेवा आणि शेजारी 'वय' असं लिहा.

वही बिघडते ती ठरावीक ठिकाणी. लोक भाव लिहायच्या ऐवजी महिन्याचं एकूण बिल लिहितात. पाहुणे आले, दूध जास्त लागलं की महागाई वाढल्यासारखी दिसते. पुडीवरची किंमत तीच राहते आणि आतलं वजन घटतं. म्हणून बिस्किटं, साबण, चहा यांचा भाव नेहमी १०० ग्रॅमचा लिहायचा. गोळ्यांच्या पट्टीत १५ च्या १० होतात, तेव्हा भाव गोळीमागे. गॅसवरून अंदाज बांधू नका, कारण त्याची किंमत सरकारी निर्णयाने उड्या मारते: ऑगस्ट २०२३ अखेर १४.२ किलोचा सिलिंडर २०० रुपयांनी उतरला, मार्च २०२४ ला आणखी १०० रुपयांनी, आणि एप्रिल २०२५ ला ५० रुपयांनी चढला. दोन टोकं कुठे पडतात त्यावर उत्तर पार बदलतं.

आणि आपल्याकडची खास गफलत म्हणजे वर्षाची खरेदी. चटणीची मिरची, मसाला, वर्षाचे गहू, पापडाचं सामान हे सगळं उन्हाळ्यात एकदम येतं आणि महिन्याच्या यादीत कधीच दिसत नाही. मिरची कडाडली तर कोल्हापूरच्या घराला ते चांगलंच जाणवतं. अशी खरेदी वेगळ्या पानावर लिहा, तिला बारा ने भागा आणि मग महिन्याच्या बेरजेत मिळवा.

पाचवी पायरी: पुढची पाच वर्षं

पुढची महागाई कुणालाच माहीत नसते, पण वाजवी अंदाज बांधता येतो. रिझर्व्ह बँकेला दिलेलं लक्ष्य ४ टक्के आहे, दोन टक्के खाली-वर चालतात. मार्च २०१५ चा निर्देशांक १२०.२ होता आणि मार्च २०२५ चा १९२.०, म्हणजे दहा वर्षांची सरासरी ४.८ टक्के भरते. म्हणून ५ टक्के धरून हिशेब मांडावा आणि बाजूला ४ आणि ६ धरूनही बघावं. ९ लाखांची पाच वर्षांनंतरची ताकद ४ टक्क्यांनी ७ लाख ४० हजार उरते, ५ टक्क्यांनी ७ लाख ५ हजार, ६ टक्क्यांनी ६ लाख ७२ हजार.

खर्चायचं किती, यासाठी एक सोपा नियम वापरा: वर्षाच्या व्याजातून मुद्दल गुणिले महागाई वजा करा. ९ लाख एमआयएसमध्ये ७.४ टक्क्यांनी असतील तर व्याज ६६,६००. ५ टक्के महागाईने झीज ४५,०००. उरले २१,६००, महिन्याला १,८००. साठी ओलांडलेल्यांसाठीच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के धरले तर व्याज ७३,८००, उरतात २८,८००, महिन्याला २,४००. दरात फरक ०.८ टक्क्यांचाच दिसतो, पण झीज दोन्हीकडे सारखीच वजा होत असल्यामुळे खर्चायला मिळणारी रक्कम एकतृतीयांशाने वाढते. ज्येष्ठ योजनेत व्याज तिमाहीला येतं, महिन्याला नाही, एवढं घरखर्चात बसवून घ्यावं लागतं. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं. ठेवण्याच्या दिवशी जो असेल तो घालून हिशेब करा, तो पाच वर्षं बदलत नाही.

वहीतला घरचा दर ७.९ आला असेल तर तोच मुद्दलाला लावावा का? सगळ्या मुद्दलाला लावू नका. औषध आणि विम्याच्या खर्चापुरती वेगळी रक्कम बाजूला काढा, तिच्यावर ८ टक्के धरा आणि बाकीच्यावर ५. नाहीतर झीज व्याजापेक्षा मोठी येते आणि घाबरून माणूस चुकीच्या दारात जातो.

ते दार आपल्या भागात ओळखीचं आहे. झीज दिसली की दीड-दोन टक्के जास्त देणाऱ्या पतसंस्थेकडे पाय वळतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक ठेवीदारामागे एका बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. ९ लाखांवर दोन टक्के जास्त म्हणजे वर्षाला १८ हजार, पाच वर्षांत ९० हजार. महागाईने नेलेले २ लाख ६२ हजार त्यातून भरून निघत नाहीत आणि पणाला लागतात पूर्ण ९ लाख. पावतीवर 'बँक' हा शब्द आहे का आणि ठेव विमा लागू आहे का, हे ठेवीच्या आधी शाखेत विचारा, उत्तर लेखी किंवा फलकावर बघा.

शेवटची एक तांत्रिक अडचण. निर्देशांकाचं पायाभूत वर्ष अधूनमधून बदलतं: आधी २०१० होतं, मग २०१२ आलं, पुढे २०२४. पाया बदलला की आकडा पुन्हा शंभराच्या जवळ येतो. २०१२ च्या मालिकेतला १९२ आणि नव्या मालिकेतला १०४ एकमेकांत भागले तर भाव निम्म्यावर आल्याचं हास्यास्पद उत्तर येईल. अशा वेळी वार्षिक टक्के घ्यायचे आणि साखळी जोडायची: वहीतला शेवटचा १९२.० हा आकडा गुणिले १.०३ (त्या वर्षी महागाई ३ टक्के असेल तर), आलेलं उत्तर गुणिले पुढच्या वर्षाचा गुणक. अशी जोडलेली ओळ लाल शाईने लिहा, म्हणजे पाच वर्षांनी ठेव मोकळी होईल तेव्हा कोणता आकडा छापलेला आणि कोणता आपण काढलेला, हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही कळेल.